थंबनेल तपासायचं ते लहान करूनच: चेहरा, अक्षरं आणि सोयाबीनचं एक पान

यूट्यूब व्हिडिओचं थंबनेल बनवताना ते संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पूर्ण पडद्यावर असतं. १२८० बाय ७२० पिक्सेलच्या त्या चित्रात पानावरची शीर न् शीर दिसते, अक्षरांची सावली सुबक वाटते. बघणाऱ्याला मात्र ते बऱ्याचदा बोटभर आकारात भेटतं. संगणकावर व्हिडिओच्या उजवीकडे जी यादी येते, त्यात वर्षानुवर्षं थंबनेलची रुंदी साधारण १६८ पिक्सेल राहिली आहे. म्हणजे आपल्या चित्राचा जेमतेम आठवा भाग. मोबाइलवर होम उघडल्यावर ते मोठं दिसतं, पण प्लेलिस्ट, हिस्टरी, वॉच लेटर इथे पुन्हा तितकंच चिमुकलं. त्यामुळे तपासणी करायची ती त्याच आकारावर. मोठ्या आकारात चांगलं दिसलं म्हणून पास करू नये.

हे नुसतं बोलून कळत नाही, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. ओळखीतला एक तरुण शेतकरी सोयाबीनवर व्हिडिओ करतो. त्याचा विषय होता पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचा. पान पिवळं दिसलं की यलो मोझॅक समजून लोक फवारणीला लागतात, पण कधी कधी ती लोहाची कमतरता असते. मोझॅक हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि पानावर हिरव्यात पिवळे, वेडेवाकडे चट्टे दिसतात. लोह कमी पडलं तर कोवळी पानं शिरांच्या मधल्या भागात एकसारखी पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. व्हिडिओ उत्तम होता. थंबनेल असं होतं: डावीकडे टोपी घातलेला तो स्वतः, कमरेपासून वर, तोंड उघडं, दोन्ही हात डोक्याला. मागे अख्खं शेत. उजवीकडे दोन गोलांत दोन पानं आणि त्यांच्याकडे जाणारे बाण. मधोमध लाल अक्षरांत दोन ओळी: "सोयाबीनवरील यलो मोझॅक व्हायरसचे संपूर्ण एकात्मिक व्यवस्थापन". वर चॅनेलचा लोगो आणि खाली उजव्या कोपऱ्यात "१००% उपाय".

सुरुवात: एक वाक्य कागदावर

चित्र उघडण्याआधी एक वाक्य लिहा: हे थंबनेल बघून माणसाच्या मनात कोणता प्रश्न यायला हवा? विषयाचं नाव लिहू नका, प्रश्नच लिहा, आणि तो बघणाऱ्याच्या तोंडी शोभेल असा हवा. इथे तो होता, "माझं पान पिवळं पडलंय, फवारू की नको?" पुढची सगळी तपासणी या वाक्याशी ताडून होते. वाक्य नसेल तर तपासणी "छान आहे, पण जरा अजून भडक हवं" अशा गप्पांवर येऊन थांबते.

पहिली पायरी: खऱ्या आकारात आणा

संगणकावर असाल तर चित्र १३ टक्के झूमवर बघा, म्हणजे रुंदी १६८ च्या आसपास येते. इमेजमॅजिक वापरत असाल तर लहान प्रत आणि तिची रंगहीन प्रत अशा बनतात:

```
magick thumb.png -resize 168x94 small.png
magick thumb.png -resize 168x94 -colorspace Gray gray.png
```

मोबाइलवरच सगळं काम करत असाल तर याहून चांगली युक्ती आहे. आपल्या विषयाचा शब्द यूट्यूबवर शोधा, आलेल्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या आणि एडिटरमध्ये त्यातल्या एका थंबनेलवर आपलं नेमकं बसवा. मग हात लांब करून बघा. या पद्धतीत आकारासोबत शेजारही दिसतो. सोयाबीनच्या यादीत सगळीच थंबनेलं हिरवी असतात, त्यामुळे हिरवं शेत मागे ठेवलेलं चित्र त्या गर्दीत मिसळून जातं. एकटं बघताना हे लक्षातच येत नाही. मोबाइलच्या गॅलरीतल्या जाळीत मात्र तपासू नका, कारण बऱ्याच गॅलऱ्या चित्राच्या कडा कापून चौकोन करतात.

फोन डार्क मोडमध्ये आणि लाइट मोडमध्ये, दोन्हीकडे एकदा बघून घ्या. चित्राची कड काळी असेल तर डार्क मोडमध्ये थंबनेल कुठे संपतं तेच कळत नाही. पडद्याचा उजेडही अर्ध्यावर आणा. शेतकरी हा व्हिडिओ दुपारी बांधावर बसून बघणार असेल तर उन्हात पडदा फिका दिसणार, हे धरून चालायला हवं.

आता आकडे लावून बघू. आपल्या उदाहरणात चेहऱ्याची उंची, कपाळापासून हनुवटीपर्यंत, १५० पिक्सेल होती. आठवा भाग केला की उरतात सुमारे २०. पानांचे गोल २६० पिक्सेलचे होते, ते झाले ३४. आणि इथे खरी गोष्ट हाती लागते. लोहाच्या कमतरतेची खूण म्हणजे हिरव्या शिरा, आणि ३४ पिक्सेलच्या गोलात शिरा उरतच नाहीत, आजूबाजूच्या पिवळ्यात विरघळतात. मोझॅकचे चट्टेही एकमेकांत मिसळतात. दोन्ही पानं सारखीच फिकट पिवळी दिसतात! जो फरक दाखवण्यासाठी दोन गोल आणि दोन बाण आणले, तो फरक लहान आकारात शिल्लकच नव्हता. मोठ्या पडद्यावर हे कधीच कळलं नसतं.

असं झालं की दोन मार्ग असतात. एक तर ती वस्तू इतकी मोठी करा की खूण टिकेल, नाहीतर फरक दाखवण्याचं काम व्हिडिओवर सोडून थंबनेलमध्ये फक्त प्रश्न ठेवा. आम्ही दुसरा मार्ग धरला. एकच पान, मोझॅकचं, अगदी जवळून, हातात धरलेलं. चट्टा जवळजवळ अंगठ्याएवढा दिसेल इतकं जवळ.

दुसरी पायरी: रंग काढा

लहान प्रत रंगहीन करून बघा. फोनच्या फोटो एडिटरमध्ये सॅच्युरेशन शून्यावर नेलं तरी चालतं. डोळ्यांना लाल आणि हिरवा एकदम वेगळे वाटतात, पण त्यांचा उजळपणा बऱ्याचदा सारखा असतो. त्यामुळे रंग काढले की हिरव्या शेतावरची लाल अक्षरं करड्यावर करडी होतात. लाल-हिरवा नीट ओळखू न येणाऱ्या प्रेक्षकाला ती रंगीत चित्रातही नीट दिसत नाहीत. शिवाय चित्र अपलोड झाल्यावर दाबून लहान केलं जातं, त्यात रंगाचे बारकावे आधी कमी होतात. मग हिरव्यावरच्या लाल अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या, मळकट होतात.

रंगहीन चित्रात तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या दिसायला हव्यात: चेहरा, मुख्य वस्तू आणि अक्षरं. त्यांपैकी दोन एकाच करड्या छटेत मिसळत असतील तर रंग बदलण्यापेक्षा उजेड बदला. एक गडद करा, दुसरी उजळ. आमच्या नव्या चित्रात पान सगळ्यांत उजळ होतं, म्हणून मागचं शेत गडद आणि धूसर केलं. अक्षरांना पिवळा रंग द्यायचा मोह होता, पण पिवळी अक्षरं पिवळ्या पानाशीच भांडली असती. ती पांढरी ठेवली आणि त्यांच्याखाली गडद पट्टी दिली.

तिसरी पायरी: चेहरा

चेहऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे: चेहरा ठेवायचा तर मोठा ठेवा, नाहीतर काढून टाका. लहान चेहरा जागा खातो आणि काहीच सांगत नाही. कपाळ ते हनुवटी ही उंची चित्राच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास असावी, म्हणजे ७२० पैकी ३२० ते ३६०. लहान झाल्यावर ती चाळीसेक पिक्सेल राहते आणि तेवढ्यात डोळे, भुवया आणि ओठ वेगवेगळे ओळखू येतात. २० पिक्सेलमध्ये तोंड म्हणजे एक काळा ठिपका.

मग भाव. सगळे भाव लहान आकारात सारखे टिकत नाहीत. मोठं हसू आणि आश्चर्य दुरूनही ओळखू येतं, कारण त्यात तोंडाचा आकारच बदलतो. शंका, काळजी, विचारात पडणं हे भाव भुवयांच्या आणि डोळ्यांच्या बारीक हालचालींत असतात आणि लहान होताना तेच आधी पुसले जातात. म्हणूनच इतक्या थंबनेलांवर तोंड उघडून, डोळे फाडून बघणारी माणसं दिसतात. तो भाव टिकतो, हे खरं. पण तो सांगतो काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्या उदाहरणात उघडं तोंड आणि डोक्याला हात. अक्षरं झाकून ते चित्र बघितलं तर एकच अर्थ निघत होता: पीक गेलं. व्हिडिओत तर नुकसानीचं काहीच नव्हतं, उलट "घाई करू नका, आधी ओळखा" असं सांगितलं होतं. जो नुकसानीची बातमी बघायला आला, तो पहिल्या मिनिटातच निघून जाणार. थंबनेलने एक सांगायचं आणि व्हिडिओने दुसरं, हा प्रकार यूट्यूबही आता गांभीर्याने घेतं. चालू घडामोडी आणि ताज्या बातम्यांच्या व्हिडिओंत शीर्षक किंवा थंबनेल असं फसवं असेल तर कारवाई कडक करू, असं त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केलं होतं. शेतीच्या चॅनेलला तर नियमाच्या आधी विश्वास जपावा लागतो. आज तुमच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूसच उद्या औषधाच्या मात्रेबद्दल तुमचं ऐकणार असतो.

मग शंकेचा भाव लहान आकारात दाखवायचा कसा? चेहऱ्यावरचं काम शरीराकडे द्या. मान थोडी तिरपी, नजर सरळ पानावर, आणि पान डोळ्यांच्या जवळ आणलेलं. नजरेची दिशा आणि मानेचा कोन चाळीस पिक्सेलमध्येही टिकतो. शिवाय माणूस जिकडे बघतो तिकडे आपलीही नजर जाते, त्यामुळे बाणांची गरज उरली नाही. ओठ मिटलेले, भुवया किंचित जवळ. त्या दिसल्या तर उत्तमच, नाही दिसल्या तरी अर्थ बिघडत नाही.

हा फोटो व्हिडिओतून कापून काढू नका. चालत्या चित्रातली चौकट धूसर निघते, डोळे अर्धे मिटलेले असतात, ओठ कुठल्यातरी शब्दावर अडकलेले असतात. चित्रीकरण संपलं की तिथेच थांबून थंबनेलसाठी वेगळे फोटो काढा. टोपी मागे सरकवा, कारण दुपारच्या उन्हात टोपीची सावली नेमकी भुवयांवर आणि डोळ्यांवर पडते. चष्मा असेल तर मान जरा खाली करून काचेतलं आकाशाचं प्रतिबिंब घालवा. सकाळचा किंवा कलत्या दुपारचा, एका बाजूने येणारा उजेड सगळ्यांत बरा.

तपासणी अशी करा. आधी अक्षरं बोटाने झाका आणि विचारा, या माणसाला काय वाटतंय? मग चेहरा झाका आणि विचारा, आता काही हरवलं का? चेहरा झाकूनही काहीच हरवत नसेल तर तो चेहरा तिथे कशासाठी आहे, याचा विचार करा. रेसिपीच्या कितीतरी थंबनेलांत चेहऱ्याऐवजी पदार्थच मोठा केला तर जास्त चांगलं होतं.

चौथी पायरी: अक्षरं, आणि देवनागरीची खास अडचण

इंग्रजी थंबनेलांसाठी सांगितलेले अक्षरांचे आकार आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. एकाच फॉन्ट साइजमध्ये ही सगळी जागा वरखाली वाटली जाते आणि अक्षराचा मधला भाग, म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा, लहान राहतो. म्हणून फॉन्ट साइजचा आकडा बघू नका. मधल्या भागाची उंची मोजा. १२८० च्या चित्रात ती किमान ११० पिक्सेल असावी, म्हणजे लहान झाल्यावर १४ उरतात. जुन्या थंबनेलमध्ये ती ५२ होती, म्हणजे लहान आकारात सात. सात पिक्सेलमध्ये "व्यवस्थापन" हा शब्द म्हणजे शिरोरेषेला लटकलेली जाळी.

लहान आकारात घ आणि ध, भ आणि म, थ आणि य एकमेकांसारखे दिसू लागतात. ष्ट, द्ध, क्ष अशी जोडाक्षरं तर गच्च भरून जातात. रफार आणि अनुस्वार गायब होतात. म्हणून थंबनेलसाठी शब्द निवडताना अर्थासोबत अक्षरांचा आकारही बघावा. साधी, सुटी अक्षरं असलेला शब्द जोडाक्षरांच्या शब्दापेक्षा कितीतरी लवकर वाचला जातो. "एकात्मिक व्यवस्थापन" ऐवजी "उपाय" चालत असेल तर तोच घ्या.

फॉन्ट जाड घ्या, पण आतली पोकळी उघडी राहील एवढाच जाड. मुक्त आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात आणि त्यांची जाड वजनं थंबनेलला चांगली चालतात. अक्षरांना जाड काळी किनार देण्याची सवय मात्र देवनागरीत महागात पडते. इंग्रजी अक्षराला किनार दिली तरी आत मोकळी जागा असते. आपल्या क, फ, ष यांच्या पोकळ्या आधीच चिंचोळ्या असतात, किनार त्या बुजवून टाकते. किनारीऐवजी मागे गडद पट्टी द्या.

किती शब्द? माझं माप तीन ते चार शब्दांचं, तेही जमल्यास एका ओळीत. दोन ओळी केल्या की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. ते टाळायला ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं, आणि मग अक्षरं लहान करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

थंबनेलवरचा मजकूर आणि व्हिडिओचं शीर्षक एकच असू नये. शीर्षक चित्राच्या शेजारी किंवा खाली छापलेलं असतंच. पिकाचं नाव, रोगाचं नाव, शोधताना लागणारे शब्द हे सगळं शीर्षकात जाऊ द्या. आमचं शीर्षक झालं "सोयाबीन पिवळं पडतंय? यलो मोझॅक आणि लोहाची कमतरता यातला फरक". थंबनेलवर फक्त "फवारू की नको?" आलं. कागदावरच्या वाक्याचाच हा शेवट, एकही अवघड जोडाक्षर नाही, आणि रू चा ऊकार अक्षराच्या बाजूला येत असल्याने खालीही काही लोंबत नाही. मधल्या भागाची उंची १२० ठेवली तरी सगळं एका ओळीत बसलं.

कोपरे

उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं. लहान आकारात ती चौकट बरीच जागा घेते, म्हणून तिथली साधारण पाव रुंदी आणि पाव उंची रिकामी समजा. "१००% उपाय" नेमकं तिथेच होतं आणि कुणालाही कधी दिसलं नाही. ते काढलं हे बरंच झालं, कारण विषाणूजन्य रोगावर शंभर टक्के उपाय असा शब्द वापरायलाच नको. व्हिडिओ अर्धा बघून सोडला असेल तर खालच्या कडेने लाल रेघ येते, तिथेही काही टेकवू नका. नव्या चित्रात चेहरा उजवीकडे वर ठेवला. त्याच्याखाली नुसता शर्ट येतो आणि लांबीची चौकट शर्टावर बसते. लोगो काढून टाकला, कारण चॅनेलचं नाव शीर्षकाजवळ येतंच.

दुसऱ्याला एक क्षण दाखवा

आता तुमची नजर त्या चित्राला सरावलेली असते, तुम्हाला न दिसणारं काही उरत नाही. व्हिडिओ न बघितलेल्या दोन-तीन जणांना तो यादीवाला स्क्रीनशॉट सेकंदभर दाखवा आणि फोन उलटा ठेवा. मग तीनच प्रश्न: काय दिसलं? माणूस कसा वाटला? काय लिहिलं होतं? "आवडलं का" हे विचारू नका, घरचे लोक हो म्हणतात. आणि मधे समजावून सांगू नका, मिळालेलं उत्तर आहे तसं लिहून घ्या. जुनं थंबनेल बघून त्या शेतकऱ्याची आई म्हणाली होती, "पोरा, पीक गेलं का रे कुणाचं?" नव्यावर म्हणाली, "पान बघतोयस. औषध मारायचं का ते विचारतोयस." हे उत्तर कागदावरच्या वाक्याला लागून होतं, म्हणून चित्र पास झालं.

अपलोड केल्यावर

यूट्यूब स्वतः दाबून लहान केलेली प्रत एकदा बघून घ्या. पत्त्यात आपल्या व्हिडिओचा आयडी घातला की ३२० बाय १८० ची प्रत उघडते:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/mqdefault.jpg
```

इथे अक्षरांच्या कडा मळल्या असतील तर रंगांची जोडी चुकली, दुसऱ्या पायरीकडे परत जा.

नंतर यूट्यूब स्टुडिओमध्ये Impressions click-through rate बघा, म्हणजे थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं तो दर. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा हा दर २ ते १० टक्क्यांच्या मधे असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करून काही हाती लागत नाही. स्वतःच्याच त्याच प्रकारच्या व्हिडिओंशी करा. व्हिडिओ सदस्यांच्या पलीकडे अनोळखी लोकांना दाखवला जाऊ लागला की हा दर उतरतोच, लगेच थंबनेलला दोष देऊ नका. दर वाढला पण लोक पहिल्या मिनिटात निघून गेले, तर मात्र चेहऱ्याने किंवा अक्षरांनी भलतंच वचन दिलं आहे असं समजा.

चॅनेलला सोय उपलब्ध असेल तर संगणकावरून Test & compare मध्ये तीनपर्यंत थंबनेल एकाच व्हिडिओवर तपासता येतात. निकाल क्लिकवर लागत नाही, कोणत्या थंबनेलने बघण्याचा वेळ जास्त मिळवला यावर लागतो. चाचणी दोन आठवड्यांपर्यंत चालू शकते आणि प्रेक्षक थोडे असतील तर निकाल अनिर्णित राहतो. म्हणून लहान चॅनेलने बारीक फरक तपासत बसू नये. पट्टी निळी की काळी याचं उत्तर तिथे मिळणार नाही. एकात चेहरा आणि पान, दुसऱ्यात नुसतं पान आणि अक्षरं, तिसऱ्यात अक्षरांशिवाय चेहरा आणि पान, असे ठळक वेगळे पर्याय लावले तर काहीतरी शिकायला मिळण्याची शक्यता असते.